भाग ४७ (लिखित रूप): बोनस, स्प्लिट आणि ॲपमधला तो फसवा ‘सरासरी भाव’

ज्यांना कानात इअरफोन घालून आकडेमोड ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी दोन-तीनदा “थांबा, परत सांगते” म्हटलं होतं, ते इथून काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका फोनपासून करते. १६ जून २०२५, सोमवार. सकाळी साडेनऊच्या आसपास नाशिकहून माझ्या मावसभावाचा फोन. आवाज पार उतरलेला. “ताई, बजाज फायनान्स नव्वद टक्के पडलाय. माझे पैसे गेले.”

पैसे कुठेच गेले नव्हते. त्या दिवशी कंपनीच्या दोन गोष्टींची रेकॉर्ड डेट एकाच वेळी होती. पहिली म्हणजे स्प्लिट. ₹२ दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे ₹१ चे दोन शेअर झाले. दुसरी म्हणजे ४:१ बोनस. प्रत्येक एका शेअरमागे चार नवे शेअर मिळाले. आधी स्प्लिट, मग बोनस. म्हणजे एकाचे दोन, आणि त्या दोनांवर आठ बोनस, एकूण दहा. शेअर दहापट झाले, म्हणून नऊ हजारांच्या वरचा भाव हजाराच्या आत आला. हे त्याला पाच मिनिटांत समजावलं आणि तो शांत झाला.

खरी गंमत वर्षभरानंतर झाली, रिटर्न भरताना. तेव्हा परत फोन आला. “ताई, ॲप म्हणतंय मला पंधरा हजार नफा झाला. टॅक्सचा रिपोर्ट म्हणतोय एकीकडे पन्नास हजार तोटा आणि दुसरीकडे तीस हजार नफा. यातलं खरं काय?”

आजचा भाग याच प्रश्नावर आहे. बोनस आणि स्प्लिट, दोन्हींत शेअरची संख्या वाढते, भाव खाली येतो, आणि आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. आयकर कायद्याच्या नजरेत मात्र या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. बजाज फायनान्सच्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी आल्या, म्हणून फरक समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आधी नियम, साध्या भाषेत

स्प्लिट म्हणजे पाचशेची नोट सुट्टी करणं. शंभराच्या पाच नोटा आल्या म्हणून तुम्ही श्रीमंत झाला नाहीत, आणि त्या नोटा फुकटही आल्या नाहीत. तसंच स्प्लिटमध्ये तुमची मूळ खरेदी किंमत नव्या तुकड्यांत सारखी वाटली जाते. आणि खरेदीची तारीख? तीही मूळचीच राहते. शेअर तोच आहे, फक्त कापलाय.

बोनस म्हणजे कंपनीने स्वतःच्या राखीव निधीतला पैसा भागभांडवलात वळवून तुम्हाला दिलेला नवा शेअर. तुम्ही त्यासाठी खिशातून एक रुपयाही दिलेला नाही. म्हणून कायदा म्हणतो, बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य. सरासरी नाही, बाजारभाव नाही, शून्य. आणि त्याचं वय मोजायचं ते शेअर तुमच्या नावे वाटप झाल्याच्या दिवसापासून. मूळ शेअर दहा वर्षं जुना असला तरी बोनसचा वाढदिवस वेगळा.

या दोन ओळी पाठ करा: स्प्लिट झाला तर किंमत वाटा आणि तारीख जुनी ठेवा. बोनस मिळाला तर किंमत शून्य धरा आणि तारीख नवी लावा.

आता ॲप. बहुतेक ॲप्स एकूण गुंतवणुकीला एकूण शेअरने भागतात आणि ‘सरासरी भाव’ दाखवतात. गुंतवणूकदार म्हणून ते बरोबरच आहे, कारण आपण एकूण किती पैसे घातले आणि आज किती आहेत हे त्यातून कळतं. आणि ही पद्धत अगदी बिनबुडाची आहे असंही नाही. १९६४ साली सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात मूळ आणि बोनस शेअरवर मिळून किंमत वाटण्याची, म्हणजे सरासरीचीच पद्धत मान्य केली होती. पुढे १९९५ च्या फायनान्स ॲक्टने कायदा बदलला, आणि १ एप्रिल १९९६ पासून बोनसची किंमत थेट शून्य झाली. म्हणजे आपलं ॲप आजही जुन्या पद्धतीने विचार करतंय, आणि टॅक्स नव्या पद्धतीने लागतो.

मावसभावाचा हिशोब

आकडे मी गोल केलेत, ब्रोकरेज आणि इतर खर्च बाजूला ठेवलेत.

जुलै २०२४ मध्ये त्याने १० शेअर घेतले, ₹७,००० ने. एकूण ₹७०,०००.

जून २०२५ मध्ये आधी स्प्लिट. १० चे २० झाले. ₹७०,००० भागिले २०, म्हणजे प्रत्येक शेअरची किंमत ₹३,५००. तारीख जुलै २०२४ चीच.

मग बोनस. २० वर ४:१ प्रमाणे ८० शेअर. किंमत शून्य. तारीख जून २०२५ ची.

एकूण १०० शेअर. ॲपने ७०,००० ला १०० ने भागलं आणि सरासरी भाव दाखवला ₹७००.

इथेच लक्षात घ्या की ₹७०० ही किंमत त्याच्या एकाही शेअरची नाही. २० शेअर ₹३,५०० चे आहेत आणि ८० शेअर शून्याचे. ₹७०० चा शेअर त्याच्या डीमॅटमध्ये अस्तित्वातच नाही.

दसऱ्याच्या सुमारास त्याला बाइकच्या डाउन पेमेंटसाठी पन्नास हजार हवे होते. भाव ₹१,००० धरू. त्याने ५० शेअर विकले. ॲपने सांगितलं, प्रत्येक शेअरमागे ₹३०० नफा, एकूण ₹१५,०००. तो खूश.

आता कायद्याच्या चष्म्यातून बघू. डीमॅटमध्ये कुठले शेअर आधी विकले हे आपण ठरवत नाही. जो आधी आला तो आधी गेला, असा नियम आहे, आणि तो प्रत्येक डीमॅट खात्याला स्वतंत्र लागतो. म्हणून ५० पैकी पहिले २० गेले ते मूळ, स्प्लिट झालेले. उरलेले ३० गेले बोनसमधले.

पहिले २०: विक्री ₹२०,०००, खरेदी ₹७०,०००. तोटा ₹५०,०००. जुलै २०२४ ते ऑक्टोबर २०२५ म्हणजे बारा महिन्यांहून जास्त, म्हणून हा तोटा दीर्घ मुदतीचा.

पुढचे ३०: विक्री ₹३०,०००, खरेदी शून्य. नफा ₹३०,०००. जून २०२५ ते ऑक्टोबर २०२५ म्हणजे जेमतेम चार महिने, म्हणून हा नफा अल्पमुदतीचा.

“मग काय, पन्नास तोटा आणि तीस नफा, वजा केलं की वीस हजार तोटाच की. टॅक्स कुठे आला?” हे त्याचं म्हणणं. आणि इथेच गाडी अडते. दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच वजा होतो. अल्पमुदतीच्या नफ्याला तो हात लावू शकत नाही. अल्पमुदतीचा तोटा मात्र दोन्हीकडे चालतो, पण त्याचा तोटा नेमका चुकीच्या डब्यात पडला होता.

म्हणजे ₹३०,००० वर सरळ टॅक्स. २३ जुलै २०२४ पासून लिस्टेड शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्यावर दर २० टक्के आहे. ₹६,०००, वर चार टक्के सेस, एकूण ₹६,२४०. पगार करपात्र असल्यामुळे त्याला कुठली सूट शिल्लक नव्हती.

मग पन्नास हजारांच्या तोट्याचं काय?

तो पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. उशीर झाला तर तो हक्क जातो. मी त्याला पहिलं काम हेच सांगितलं.

पण जरा खोलात जाऊन बघू. उरलेले ५० बोनस शेअर तो आता विकेल. जून २०२६ उलटलाय, म्हणजे ते दीर्घ मुदतीचे झालेत. भाव तोच ₹१,००० धरला तर नफा ₹५०,०००. त्यातून मागचा ₹५०,००० तोटा वजा, टॅक्स शून्य. छान वाटतंय ना? पण लिस्टेड शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला ₹१.२५ लाखांपर्यंत तसाही टॅक्स नाही. त्याला दुसरा कुठलाच नफा नसेल, तर हा तोटा नसता तरी टॅक्स शून्यच आला असता. आणि “मी सूट आधी वापरतो, तोटा पुढे ठेवतो” असं करता येत नाही. तोटा आधी वजा होतो, मग सूट. म्हणजे पन्नास हजारांचा तोटा वापरला गेला आणि हाती काहीच लागलं नाही.

सगळा व्यवहार एकत्र बघा. घातले ₹७०,०००, मिळाले ₹१,००,०००. खरा नफा ₹३०,०००. बोनसला बारा महिने पूर्ण झाल्यावर सगळे शंभर शेअर एकाच आर्थिक वर्षात विकले असते तर ₹८०,००० नफा वजा ₹५०,००० तोटा, बरोबर ₹३०,०००, सगळं दीर्घ मुदतीचं आणि टॅक्स शून्य. शेवटी बेरीज ॲपशी जुळतेच. तिथे पोचण्याचा रस्ता मात्र वेगळा आहे, आणि त्या रस्त्यावर ₹६,२४० चा टोल लागला.

अजून एक उलटी गोष्ट. आपल्याला सवय असते, “वर्ष पूर्ण होऊ दे, मग विकू.” इथे त्याने बोनस जमा झाल्यावर लगेच, म्हणजे खरेदीला वर्ष पूर्ण व्हायच्या आधी याच भावाला विकले असते, तर मूळ २० शेअरचा ₹५०,००० तोटाही अल्पमुदतीचा ठरला असता. तो ₹३०,००० च्या अल्पमुदतीच्या नफ्यातून वजा झाला असता आणि त्या वर्षी टॅक्स शून्य. मोठा बोनस आला की मूळ शेअर कागदावर तोट्यात जातात. त्यामुळे त्यांना वर्ष कधी पूर्ण होतंय आणि बोनसला कधी, या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दोन तारखांच्या मधला काळ हाच धोक्याचा.

“मग मूळ शेअर तोट्यात विकून बोनस ठेवतो”

हा प्रश्न इन्स्टावर तीन जणांनी विचारला. मंडळी, ही युक्ती जुनी आहे आणि सरकारला माहीत आहे. याला बोनस स्ट्रिपिंग म्हणतात. म्युच्युअल फंडाच्या युनिटना आधीपासून असलेला नियम २०२२ च्या फायनान्स ॲक्टने शेअरलाही लावला, आणि तो १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला.

नियम असा: रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत शेअर घेतले, बोनस मिळाला, आणि रेकॉर्ड डेटनंतर नऊ महिन्यांच्या आत मूळ शेअर विकून बोनस (सगळा किंवा थोडा) हातात ठेवला, तर मूळ शेअरवरचा तोटा धरला जात नाही.

पण तो हवेत विरत नाही. तो तोटा हातात उरलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत बनतो. समजा एखादीने मे २०२५ मध्ये १० शेअर ₹९,००० ने घेतले, ₹९०,०००. स्प्लिटनंतर २० शेअर, प्रत्येकी ₹४,५००. ते ₹१,००० ने विकले, तोटा ₹७०,०००. हा तोटा बाद. पण तिच्या ८० बोनस शेअरची किंमत आता शून्य नाही, ₹७०,००० भागिले ८०, म्हणजे ₹८७५ प्रत्येकी. बोनसची किंमत शून्य, या नियमाला हा अपवाद. इथे उलटी चूकही होते. तोटा वगळतात, पण पुढे बोनस विकताना किंमत शून्यच धरतात आणि दुप्पट मार खातात. मावसभावाने शेअर जवळजवळ वर्षभर आधी घेतले होते, म्हणून त्याला हा नियम लागला नाही.

बाबांचे जुने शेअर, आणि चार्टचा सापळा

घरात आई-बाबांचे जुने शेअर असतील तर हा भाग नीट वाचा.

दीर्घ मुदतीच्या नफ्यावर टॅक्स परत आला तेव्हा सरकारने ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा माफ केला. १ फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या लिस्टेड शेअरसाठी आधी ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातला सर्वोच्च भाव आणि तुमचा विक्रीचा भाव यांतला कमी आकडा घ्यायचा. मग तो आकडा आणि प्रत्यक्ष खरेदी किंमत यांतला जास्त तो तुमची खरेदी किंमत.

बजाज फायनान्सने याआधी सप्टेंबर २०१६ मध्येही स्प्लिट आणि १:१ बोनस दिला होता. म्हणजे बाबांच्या खात्यात दोन प्रकारचे बोनस असू शकतात. २०१६ चा बोनस १ फेब्रुवारी २०१८ च्या आधीचा, म्हणून त्याची मूळ किंमत शून्य असली तरी त्याला ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा आधार मिळतो. २०२५ चा बोनस त्या दिवशी जन्मालाच आला नव्हता. त्याला काहीही मिळत नाही, किंमत शून्य.

आता सापळा. तुम्ही एखाद्या साइटवर चार्ट उघडून ३१ जानेवारी २०१८ चा भाव बघता. तो ‘ॲडजस्टेड’ असतो, म्हणजे त्यांनी स्प्लिट आणि बोनस दोन्ही धरून जुना भाव दहाने भागलेला असतो. चार्ट सलग दिसायला ते बरोबर आहे. पण टॅक्ससाठी फक्त २०२५ च्या स्प्लिटचा भागाकार करायचा, म्हणजे दोनने. समजा त्या दिवशीचा प्रत्यक्ष सर्वोच्च भाव ₹१,६०० होता. तर आजच्या ₹१ दर्शनी मूल्याच्या जुन्या शेअरला किंमत मिळते ₹८००. चार्ट दाखवेल ₹१६०. तुम्ही ₹१६० टाकलात तर प्रत्येक शेअरमागे ₹६४० चा नफा विनाकारण जास्त दाखवलात. म्हणून त्या दिवशीचा प्रत्यक्ष भाव एक्सचेंजच्या जुन्या नोंदीतून घ्या, आणि स्वतः दोनने भागा.

रिपोर्ट चुकलाय हे कसं ओळखायचं?

ब्रोकरचा टॅक्स रिपोर्ट उघडा, आणि खरेदीची तारीख आणि खरेदी किंमत हे दोन रकाने बघा. आमच्या उदाहरणात बरोबर रिपोर्टमध्ये दोन गट दिसायला हवेत: जुलै २०२४ ला ₹३,५००, आणि जून २०२५ ला शून्य. सगळ्या ओळींत ₹७०० दिसले तर ॲपने सरासरी घातलीय. सगळ्याच ओळींत जून २०२५ दिसलं तर स्प्लिटच्या शेअरलाही नवी तारीख लागलीय.

ही दुसरी चूक होण्यामागे कारण आहे. दर्शनी मूल्य बदललं की शेअरचा आयएसआयएन, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक बदलतो. डीमॅटमध्ये जुन्या क्रमांकाचे शेअर वजा होतात आणि नव्या क्रमांकाचे जमा होतात. सॉफ्टवेअरला ते नवीन शेअर आल्यासारखं वाटू शकतं. मधे ब्रोकर बदलला असेल तर गोंधळ अजून वाढतो, कारण नव्या ब्रोकरकडे जुनी खरेदी किंमत नसतेच. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट शोधून ती भरावी लागते. इन्कम टॅक्स पोर्टलवरच्या एआयएसमध्ये दिसणारी खरेदी किंमतही डोळे झाकून घेऊ नका. ती डीमॅटच्या कागदांशी ताडून बघा.

बोनसची नेमकी तारीख हवी असेल तर डिपॉझिटरीचं स्टेटमेंट आणि कंपनीचं वाटपाचं पत्र बघा. रेकॉर्ड डेट ही वाटपाची तारीख नव्हे. बारा महिन्यांच्या काठावर विकत असाल तर या चार-आठ दिवसांनी अल्पमुदतीचं दीर्घ मुदतीचं होतं.

एक छोटी नोंद. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच जातं, म्हणून मी क्रमांकांच्या भानगडीत पडले नाही.

मावसभावाने रिटर्न मुदतीत भरलं, ₹६,२४० भरले, तोटा पुढे ओढला. आता त्याच्या फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक शेअरसमोर दोन ओळी असतात: कधी आला, कितीला आला. बोनससमोर ‘कितीला’ या जागी त्याने मोठं शून्य काढलंय.

तुमच्या खात्यात बोनस किंवा स्प्लिटचा असा गुंता असेल तर व्हॉइस नोट पाठवा, रक्कम आणि नाव न सांगता. निवडक प्रश्न पुढच्या भागात घेऊ. भेटूया.